फाटकाची जागा

आदल्याच दिवशी बाबांनी एका गिऱ्हाइकाला हसत सुनावलं होतं, "कुंपण घालताय की तुरुंग बांधताय? आधी फाटक ठरवा, मग खांब मोजा." तो त्यांचा शेवटचा नेहमीसारखा दिवस.

आज नव्या प्लॉटवर चुन्याची रेघ मारून त्यांनी फोनवर कारखान्याला सांगितलं, "चौतीस खांब, एकशे सत्तर स्लॅब पाठवा."

त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या लेकीनं आकडे मनात पुन्हा जुळवून पाहिले. साठ बाय बेचाळीसचा प्लॉट, दर सहा फुटांवर खांब, दोन खांबांमध्ये एकावर एक सरकवलेले पाच सिमेंटचे स्लॅब. हा हिशेब तर पूर्ण वेढ्याचा होता. बारा फुटांचं फाटक सोडलं, तर मधला एक खांब आणि दहा स्लॅब कमी लागतात.

"बाबा, फाटक?"

"मला शिकवतेस होय? सोडलंय की!"

रेघ मात्र चारही बाजूंनी अखंड होती. ते रेघेच्या कडेकडेनं चालत गेले, थबकले, परत फिरले.

"बाहेर कुठून पडायचं गं?"

आजवर दोघं फक्त कामापुरतंच बोलत आली होती. तिनं पायानं फाटकापुरता चुना पुसला आणि त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, मला तुम्ही हवे आहात. फार भीती वाटतेय मला."