कारण सांगायची सक्ती नाही

आमच्या घरात जीवशास्त्र शिकलेल्या माणसाला दोनच वाटा ठाऊक आहेत. एक खडूची, दुसरी परीक्षानळीची. माझे वडील पहिल्या वाटेने गेले आणि चौतीस वर्षं बेडकाचं हृदय फळ्यावर काढून निवृत्त झाले. मामा त्याच वाटेने जाऊन मुख्याध्यापक झाला. त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाल्यावर मी तिसरीच वाट धरली, तेव्हा मामाने डोक्याला हात लावला.

"म्हणजे तू नक्की करतेस काय?" तो दर रविवारी विचारायचा.

"नव्या औषधाची माणसांवर चाचणी चालते, तिची समन्वयक आहे मी. रुग्णांना वेळेवर बोलावते, त्यांना काय झालं ते नोंदवते, उरलेल्या गोळ्या परत घेऊन मोजते."

"गोळ्या मोजते! एमएस्सी होऊन कंपाउंडरीण झाली हो आपली!"

बायोटेक शिकलेली माझी मैत्रीण औषधांच्या परवानगीची कागदपत्रं तयार करते. फार्मसी झालेली दुसरी एक जगभरातून येणाऱ्या दुष्परिणामांच्या तक्रारी वाचून त्यांचा अर्थ लावते. मी हे सगळं मामाला सांगून पाहिलं. गाढवापुढे वाचली गीता! त्याच्या लेखी आम्ही सगळ्या कंपाउंडरणीच.

शेवटी आईने मध्ये पडून तह केला. माझ्या कंपनीत, म्हणजे इस्पितळांना समन्वयक पुरवणाऱ्या कंपनीत, सहा महिन्यांचा परीक्षाकाळ होता. त्यात मला कायम केलं तर मामाने तोंड उघडायचं नाही. नाही केलं तर मामाच्या शाळेतली रिकामी जागा मी मुकाट्याने घ्यायची. मी हो म्हणाले. मला माझ्यावर भरवसा होता, आणि खरं सांगायचं तर रविवारच्या त्या कटकटीचा वीट आला होता.

परीक्षाकाळ संपायला थोडेच दिवस उरले असताना बटणकाकू तपासणीला आल्या.

कपडे दुरुस्तीच्या दुकानात आयुष्यभर काजं-बटणं करून त्यांना हे नाव पडलं होतं, आणि त्यांना ते आवडायचं. मधुमेहामुळे त्यांच्या तळपायांची आग आग व्हायची. आमची चाचणी त्यावरच्याच नव्या गोळीची होती. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कोणाला कुठली, हे रुग्णालाही माहीत नसतं, डॉक्टरांनाही नाही आणि मलाही नाही.

इस्पितळाच्या मागच्या बाजूला आमची खोली, हेच आमचं चाचणी केंद्र. एक टेबल, गोळ्यांचं कुलूपबंद कपाट, त्यावर तापमानाचा आकडा दाखवणारं यंत्र, आणि बसलं की कुरकुरणारी खुर्ची. काकू त्या खुर्चीत बसल्या.

"कसे गेले दिवस मागच्या खेपेपासून?" मी विचारलं. 'काही त्रास झाला का' असं आम्ही आधी विचारत नाही. तसं विचारलं की माणसं 'नाही' म्हणून मोकळी होतात.

"झकास! पायांची आग निम्म्यावर आली बघ."

मी गोळ्या मोजल्या. उरायला हव्या होत्या त्याहून जास्त होत्या. पुन्हा मोजल्या, तरी तेवढ्याच.

"काकू, मध्ये गोळ्या चुकल्या का हो?"

काकूंनी पदर सावरला. "दोन दिवस घरी नव्हते ना."

"गावाला गेला होतात?"

"नाही गं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "सकाळी पलंगावरून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारीच आली. आपटले. सुनेने तिकडच्या दवाखान्यात भरती केलं. दोन दिवसांनी सोडलं त्यांनी. मोडलं-बिडलं काही नाही. पण तू लिहू नकोस हं! मला काढून टाकाल तुम्ही यातून. किती दिवसांनी पाय शांत झालेत माझे!"

आमच्या धंद्यातला नियम शेंबड्या पोरालाही पाठ होईल इतका साधा आहे. चाचणीतला माणूस कुठल्याही आजाराने, कुठल्याही दवाखान्यात भरती झाला की ती गंभीर घटना. औषधामुळे झालं की केळीच्या सालीमुळे, हा प्रश्न नंतरचा. आपल्याला कळल्यापासून चोवीस तासांच्या आत औषध कंपनीच्या सुरक्षा विभागाला कळवायचं, बस्स.

"काकू, हे मला लिहावंच लागेल," मी म्हणाले. "तुमची काळजी म्हणून. तुम्हाला शिक्षा म्हणून नाही."

काकू रुसल्या. मी त्यांचा रक्तदाब घेतला, डॉक्टरांना तपासायला बोलावलं, आणि त्या गेल्यावर सगळं सांगितलं.

आमचे मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पण चाचणी संपत आली होती, आणि आपल्या केंद्राची पाटी कोरी आहे, एकही गंभीर घटना नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. प्रत्येक बैठकीत ते सांगायचे.

"म्हातारी पडली," ते म्हणाले. "वय झालंय, साखर आहे. त्यात गोळीचा काय संबंध?"

"संबंध आहे की नाही, ते तुम्ही ठरवायचं, सर. अहवालातला तो रकाना तुमचाच आहे. पण घटना कळवावी लागेल."

"दुसऱ्या दवाखान्यात भरती झाली. आपल्याला कोण सांगायला आलं होतं?"

"काकू आल्या होत्या. आत्ता."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझं कायम व्हायचं राहिलंय ना अजून? तुझ्या वरिष्ठांचा फोन येईल मला. काय सांगू, मुलगी हुशार आहे की मुलगी आगाऊ आहे?"

डोळ्यांपुढे मामाची शाळा आली, रविवार आला, 'कंपाउंडरीण' आली. गप्प बसले असते तर सगळं सुरळीत झालं असतं, आणि कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण ज्या कामासाठी मी घरात सहा महिने भांडले, ते काम म्हणजे नेमकं हेच होतं. हेच करायचं नसेल तर खरंच मी नुसत्या गोळ्या मोजत होते.

"जे खरं वाटेल ते सांगा, सर," मी म्हणाले, आणि माझ्या खोलीत येऊन प्राथमिक अहवाल पाठवून दिला. संबंधाचा रकाना मोकळा सोडला, कारण तो भरायचा अधिकार माझा नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो भरला : 'संबंध नाही'. सही इतकी दाबून केली होती की मागच्या पानावर उमटली.

वरिष्ठांचा डॉक्टरांना फोन आलाच, आणि त्यांनी सांगितलं : 'मुलगी आगाऊ आहे.' मला कायम केलं नाही. परीक्षाकाळ आणखी तीन महिने वाढवला.

घरी मामा पेढे वाटायचाच बाकी होता. वडिलांनी मात्र विचारलं, "त्या बाई गोळीमुळे पडल्या का?"

"माहीत नाही, अण्णा. त्यांना खरी गोळी होती की खोटी, हेसुद्धा माहीत नाही."

"मग कशाला कळवलंस?"

"माहीत नाही म्हणूनच."

वडिलांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

"ते काही नाही," मामा म्हणाला. "तह म्हणजे तह. पक्की झाली नाहीस. एक तारखेला हजर व्हायचं."

काही दिवसांनी औषध कंपनीची निरीक्षक आमच्या केंद्रावर आली. आमच्या मूळ नोंदी आणि कंपनीकडे गेलेली माहिती जुळते का, हे पाहणं तिचं काम. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर होती आणि सतत प्रवासात असल्यामुळे पाठीवरची बॅग हा तिचा एक अवयवच झाला होता. तिने डॉक्टरांसमोरच सांगितलं, "उठताना पडल्याच्या घटना आणखीही काही केंद्रांवरून आल्यात. सगळीकडे 'संबंध नाही' असंच लिहिलंय. एकेकट्या पाहिल्या तर काहीच वाटत नाही. सुरक्षा विभागाने एकत्र ठेवल्या, तेव्हा त्यांना शंका आली. अजून सिद्ध काही नाही. पण आता प्रत्येकाचा रक्तदाब झोपून आणि उभं राहून, असा दोनदा घ्यायचा. आणि संमतीपत्रात नवी ओळ घालून सगळ्यांची संमती पुन्हा घ्यायची."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहत राहिले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फुगडी घालावीशी वाटली.

पुन्हा संमती द्यायला काकू आल्या. समजावून सांगायचं काम डॉक्टरांचं. त्यांनी नवी ओळ वाचली : उभं राहताना रक्तदाब उतरून चक्कर येण्याची, पडण्याची शक्यता आहे.

"अगं बाई! हे तर माझंच लिहिलंय," काकू म्हणाल्या.

"तुमच्यासारख्या आणखीही काही जणांचं," मी म्हणाले.

डॉक्टर पुढे वाचत गेले. शेवटी ते वाक्य आलं, जे प्रत्येक संमतीपत्रात असतं आणि सगळे घाईघाईने वाचतात : आपण कधीही या चाचणीतून बाहेर पडू शकता, कारण सांगायची सक्ती नाही, आपल्या नेहमीच्या उपचारांवर त्याचा परिणाम होणार नाही.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हे पुन्हा वाचा."

डॉक्टरांनी पुन्हा वाचलं.

"मग मी नाही म्हणते."

"का? पायांना तर आराम आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "आता थोडेच दिवस राहिलेत काकू, एवढं तरी..."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मागे चष्मा काढून ठेवताना डॉक्टरांनी माझ्या नोकरीचा विषय काढला होता, तसाच आताही काढतील, हे मला दिसत होतं.

"सर, कारण विचारता येतं," मी म्हणाले. "पण सांगायचं की नाही, ही त्यांची मर्जी. आणि आग्रह करता येत नाही."

काकूंनी पिशवीतून उरलेल्या गोळ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "घे, मोज," त्या म्हणाल्या. "बरोबर आहेत या खेपेला." मी मोजल्या. बरोबर होत्या. मग शेवटच्या तपासण्या केल्या, पायांच्या नेहमीच्या उपचारांसाठी बाह्यरुग्ण विभागाची वेळ घेऊन दिली, आणि दारापर्यंत सोडायला गेले. पायरी उतरताना त्यांनी कठडा धरला होता, पण मान ताठ होती.

त्या रविवारी मामा शाळेचं नेमणूकपत्र घेऊनच आला. आईने चहा ठेवला. वडील पेपरमागे बसले होते.

"कर सही," मामा म्हणाला. "तू स्वतः हो म्हणाली होतीस. सगळ्यांसमोर."

"म्हणाले होते. आता नाही म्हणते."

"असं कसं? दिलेला शब्द आहे!"

"संमती होती, मामा. ती मी काढून घेते. कधीही काढता येते."

"अगं, पण कारण? त्यांनी पक्की केली नाही, उद्या काढूनही टाकतील! काय करशील?"

"दुसऱ्या केंद्रावर अर्ज करीन. नाहीतर सुरक्षा विभागात. नाहीतर निरीक्षक होईन, बॅग घेऊन फिरेन. वाटा दोनच नाहीत."

"हे कारण झालं?"

"नाही. कारण सांगायची सक्ती नाही."

मामा आईकडे वळला, आईने वडिलांकडे पाहिलं. पेपर खाली आला. चौतीस वर्षं खडू धरलेल्या हाताने वडिलांनी ते नेमणूकपत्र उचललं, नीट घडी घातली आणि मामाच्या खिशात परत ठेवलं.

"चहा घे," ते मामाला म्हणाले. "आणि उठताना जरा सावकाश ऊठ."