मधली सरळ रेषा

या प्रकरणात धाकटीच्या पदरात पडण्यासारखं बरंच होतं. टाकीघराची किल्ली, जी थोरलीच्या कमरेला खुळखुळत असे. गिऱ्हाईक आलं की पुढे होऊन बोलण्याचा मान. नवऱ्याची चूक झाकली जाणं हा वरचा तुकडा. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे थोरलीचा उतरलेला चेहरा. त्यासाठी खर्ची घालायचा होता फक्त एक आकडा. तोही धाकटीचा नव्हता, यंत्राचा होता.

घरचा धंदा माशांच्या पिल्लांचा. पाच टाक्या, त्यांत बोटभर लांबीचे मासे, खालून ब्लोअरची हवा. मालक सासरे. थोरला मुलगा माल पोचवायला गाडीवर, त्याची बायको थोरली टाक्यांवर. धाकटीही आधी टाक्यांवरच होती. दोन वर्षांपूर्वी पाणी नासलं तेव्हा थोरलीने गिऱ्हाइकांसमोर तिच्या हातातून खाद्याची बादली काढून घेतली आणि म्हणाली, "हिच्या हाताला मापच नाही." माप थोरलीनेच ठरवून दिलेलं होतं. धाकटीने तेव्हा मिठाची गुळणी धरली आणि ऑफिसच्या खुर्चीत जाऊन बसली. ती गुळणी तिने दोन वर्षं थुंकली नव्हती.

ऑफिसात तिचं काम म्हणजे चार्ट. टाकीतला सेन्सर दर दहा मिनिटांनी पाण्यातला ऑक्सिजन सांगायचा आणि तिच्या कॉम्प्युटरवर आकडा पडायचा. आकडे शहाण्यासारखे कधीच येत नसत. एकदा सात, एकदा साडेसहा, मधेच आठ.

"टोकावर बुडबुडा बसला की आकडा उडतो," सेन्सर बसवणाऱ्याने तिला शिकवलं होतं. "म्हणून तो, त्याच्या मागचे दोन आणि पुढचे दोन, अशा पाचांची सरासरी काढ. मग एक घर पुढे सरक, पुन्हा पाचांची. रेघ निवळते."

"आणि आकडा आलाच नाही तर?"

"अलीकडचा आणि पलीकडचा आकडा सरळ रेघेने जोड, मधले त्या रेघेवरून भर. पण एखाद-दुसरा गेला असेल तरच. तासभर गेले तर जागा कोरी सोड. तिथे काय झालं ते आपल्याला माहीत नसतं, वहिनी."

त्या दुपारी तीन नंबरची टाकी मेली. चार वाजता कुणीतरी पाहिलं तेव्हा ब्लोअर बंद आणि पिल्लं पांढरं पोट वर करून तरंगत होती. तीनपर्यंत पाळी थोरलीची, तीननंतर धाकटीच्या नवऱ्याची. तो म्हणाला, "मी आलो तेव्हाच आवाज बारीक येत होता." थोरली म्हणाली, "मी गेले तेव्हा ब्लोअर घुमत होता. तुझ्या कानात काय घुमत होतं ते तू बघ." त्याच्या कानात क्रिकेटची कॉमेंट्री होती, हे धाकटीला ठाऊक होतं.

सासरे म्हणाले, "भांडू नका. चार्ट काढा."

धाकटीने फाइल उघडली. दोन वाजता सात. चार वाजता दोन. मधे सिग्नल तुटलेला, सगळं कोरं. म्हणूनच ऑक्सिजन घसरला की वाजणारा भोंगाही वाजला नव्हता. फक्त तीन वाजून दहा मिनिटांचा एकच आकडा कसाबसा पोचला होता: सहा पूर्णांक आठ.

त्या एका आकड्यात थोरली निर्दोष होती. पाळी संपल्यावरही टाकी धडधाकट होती.

"बुडबुडा," धाकटी स्वतःशीच म्हणाली आणि तो पुसला. मग दोनच्या सातापासून चारच्या दोनापर्यंत सरळ रेघ ओढली आणि वरून पाचांची सरासरी फिरवली. रेघ लोण्यासारखी उतरू लागली. पाच ही धोक्याची खूण. ती रेघेने पावणेतीनच्या सुमारास ओलांडली, म्हणजे थोरलीच्या पाळीत.

सासऱ्यांनी चष्मा वर सरकवला. "अगं, पावणेतीनला तू तिथेच होतीस ना?"

"होते. पाणी चांगलं होतं."

"माणूस विसरतो, रेघ खोटं बोलत नाही."

थोरलीने किल्ली कमरेतून सोडली आणि टेबलावर ठेवली. आदळली नाही. जाताना धाकटीला म्हणाली, "सुरेख काढतेस गं. शिकून घेतलं पाहिजे."

आणि खरोखरच शिकली. सेन्सरवाला तार तपासायला आला तेव्हा चहा देता देता तिने विचारलं, "भाऊ, कॉम्प्युटरवर चार्ट होण्याआधीचे आकडे कुठे असतात?" त्याने भिंतीवरच्या डब्यातून ते काढून दाखवले. त्यात सहा पूर्णांक आठ जागच्या जागी होता. थोरलीने तो वाचला, डब्याचं झाकण लावलं आणि कुणाला काही बोलली नाही. उट्टं काढायचं तर घाई करून चालत नाही, हे ती धाकटीकडूनच शिकली होती.

सासरे खूष होऊन एक दिवस म्हणाले, "चार्टावरून एक कळलं. ब्लोअर बंद पडला तरी पाणी हळूहळू उतरतं, दोन तास हाताशी असतात. उगाच धावाधाव नको." थोरली भाजी निवडत होती. हवा थांबली की पाणी पाऊण तासात मरतं हे तिने हजारदा पाहिलं होतं. ती भाजी निवडत राहिली. धाकटीनेही मान वर केली नाही. खरं सांगावं तर तो आकडा सांगावा लागणार.

पाच नंबरची टाकी सासऱ्यांनी धाकट्या जोडप्याच्या नावावर केली. जे विकेल ते त्यांचं. पुढच्या महिन्यात धाकटी माहेरी गेलेली असताना त्याच टाकीचा ब्लोअर बंद पडला. या वेळी सिग्नल शाबूत होता, भोंगा वाजला. धाकटा घराच्या दारात आला.

"वहिनी, पाचचा ब्लोअर गेलाय. जादाचा इंजिनवाला काढू, की आधी जेवून घेऊ?"

"चार्ट काय म्हणतो?"

"दोन तास म्हणतो."

"मग मी कोण सांगणार? मला तर चार्टानेच घरी बसवलंय." तिने ताट वाढलं. "बसा. गरम आहे."

तो जेवला. वर ताकही घेतलं. इंजिनवाला ब्लोअर ओढत नेला तेव्हा पाच नंबरच्या टाकीवर पांढरं पांढरं तरंगत होतं.

संध्याकाळी धाकटी परतली. सासऱ्यांनी तिलाच चार्ट काढायला लावला. एकही आकडा गेला नव्हता, त्यामुळे भरायला काही नव्हतं. सरासरी फिरवूनही रेघ कड्यावरून पडावी तशी पडली. सासऱ्यांनी जुना चार्ट शेजारी धरला. त्यांना शाळा फारशी नव्हती, पण उतार आणि कडा यांतला फरक कळत होता.

"तेच मासे, तेच पाणी. तेव्हा हळू का उतरलं?"

थोरलीने डब्यातून उतरवून आणलेला कागद पुढे ठेवला.

"तीन दहाचा आकडा," सासरे म्हणाले. "कुठे गेला हा?"

"बुडबुडा वाटला, बाबा."

"आणि तुला हे कधीपासून माहीत?" ते थोरलीकडे वळले.

"महिना झाला."

"मग बोलली का नाहीस? आज त्याला जेवायला वाढलंस तू."

"बोलले होते, बाबा. त्या दिवशीच. तुम्ही म्हणालात रेघ खोटं बोलत नाही."

धाकटीने पदराने डोळे पुसले, मग थोरलीकडे पाहून म्हणाली, "ताई, बादलीचं माप तुमचं होतं." थोरली म्हणाली, "होतं." दोन वर्षांत दोघींमधे झालेला खरा व्यवहार एवढाच.

आता वसुली. धाकटीचा मान गेला आणि टाकी गेली. धाकटा त्या दिवसापासून वहिनीच्या हातचं जेवत नाही, त्याच्या पोटाला तेवढीच झळ. थोरलीला निर्दोषपणा मिळाला, किल्ली मिळाली नाही. ती सासऱ्यांनी स्वतःच्या कमरेला बांधली आणि या वयात पहाटे उठून ब्लोअरला कान लावू लागले. दोघी सुना त्यांना चहा नेऊन देतात, एकीचा ठेवलेला असला तरी दुसरी आपला शेजारी ठेवते. बाकी रक्कम दोन टाक्यांतल्या पिल्लांनी भरली.