लपवलेली स्लाइड

मिनियापोलिसच्या सल्लागार कंपनीत इन्ग्रिड ग्राहकाला पाठवायचं प्रेझेंटेशन साफ करत होती. मूळ फाइल बाजूला ठेवून तिने प्रत घेतली. कॉमेंट आणि लेखकांची नावं तपासणीच्या एका बटणाने निघत, लपवलेल्या स्लाइड मात्र हाताने शोधाव्या लागत.

एक सापडली: पुढच्या टप्प्याची टीम. तिचं नाव त्यात नव्हतं. शेजारी तिच्या वरिष्ठाची, कर्टिसची कॉमेंट होती, ‘इन्ग्रिडला एवढ्यात सांगू नका, आधी काम उरकून घेऊ.’

कर्टिस, तिच्या लेकीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता!

तरी तिने स्लाइड काढली, प्रत तपासली, पाठवली.

“झालं का गं साफ?” कर्टिसने दारातून विचारलं.

“ग्राहकापुरतं झालं. मूळ फाइलमध्ये तुझं वाक्य आहे. ये, मोठ्याने वाचून दाखव.”

तो दारातच घुटमळला, मग निघून गेला.