गरम खोली

माझ्या तोंडाचा पट्टा कसा चालतो ते आमच्या बेकरीत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा मी गोडगोड बोलेन अशी आशा कुणी धरू नये. त्या दिवशी माझा दीर दाराच्या आत होता, मी दाराबाहेर होते आणि दोघांच्या मध्ये वीतभर काच होती. तेवढंच सांगायचंय.

त्याला आम्ही बारक्या म्हणतो. छत्तीस वर्षांचा, दारातून तिरका होऊन आत येणारा माणूस, पण धाकटा म्हणून बारक्या. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता आणि माझ्या हातचं खाऊनच एवढा वाढला. मी त्याला अरे-तुरे करते, तो मला वहिनी म्हणून वर चार शब्द ऐकवतो.

थंडी अशी पडली होती की सकाळी नळाचं पाणी हाताला चावत होतं. आमच्या यांनी घाईत त्याच पाण्यात यीस्ट कालवलं आणि पीठ मळलं. तीन तास झाले तरी पीठ ढिम्म. मातीच्या गोळ्यासारखं पडून राहिलेलं, बोट दाबलं तर खड्डा तसाच.

"मेलं की काय यीस्ट?" हे म्हणाले.

"मेलं कसलं, झोपलंय," मी म्हटलं. "तुमच्यासारखं. गारठ्यात कोण उठतं?"

यीस्ट म्हणजे जिवंत वस्तू आहे हो. डोळ्यांना दिसत नाही, पण खातं-पितं. साखर खातं आणि वायू सोडतं. मळलेलं पीठ चिवट असतं, म्हणून तो वायू आतच अडकतो, बुडबुडे धरतात आणि पीठ वर येतं. मैद्यातूनही त्याला साखर मिळते, पण हळूहळू. म्हणून सुरुवातीला मूठभर साखर घालायची, की ते लगेच कामाला लागतं. आणि ऊब हवी. गारठ्यात ते हातपाय हलवत नाही, कढत पाण्यात मरून जातं. पाणी मनगटावर टाकलं की ना गार ना गरम वाटायला पाहिजे, तेव्हा खरं.

"साखर दुप्पट घालू का? जोरात येईल," हे म्हणाले.

"घाला की! मग साखरच यीस्टचं पाणी ओढून घेईल आणि ते आणखी सुस्त होईल. एवढी वर्षं भट्टीपुढे उभे राहिलात, शिकलात काय?"

नवं पीठ कोमट पाण्यात मळलं, बन वळले, ट्रे भरले. संध्याकाळच्या पाळीला कारखान्याच्या कँटीनला माल पोचवायचा होता. पण गरम खोलीतला हीटर आदल्या दिवशीच बंद पडला होता. ट्रे फुगायला ठेवतो ती आमची खोली: कपाटापेक्षा थोडी मोठी, बिनखिडकीची, दाराला एक लहान काच. मिस्त्री म्हणाला, उद्या येतो.

"शेगडी लावू," बारक्या म्हणाला. "भट्टीतले निखारे भरतो, वर पाण्याचं पातेलं ठेवतो. मी आत बसून लक्ष देतो. जास्त तापलं तर पीठ बिघडेल, थंडावलं तर झोपेल."

मलाही ते पटलं. पटलं म्हणजे काय, मीच पोतं आणलं, ओलं केलं आणि दाराखालची फट गच्च बुजवली. वाफ आणि ऊब जराही बाहेर जायला नको. तो आतून हसत म्हणाला, "वहिनी, मला भाजायचा विचार आहे का?"

"तू भाजलास तर कँटीनला पुरशील," मी म्हटलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. त्याच पिठाचा गोळा काचेच्या बरणीत घालायचा, बरणीला हव्या त्या उंचीवर दोरा बांधायचा आणि ती दाराच्या काचेला लागून आतल्या फळीवर ठेवायची. पीठ दोऱ्याला टेकलं की ट्रेही तयार. दार उघडायचं नाही, काचेतून बरणी बघायची. सासरे तेच करायचे. म्हणायचे, खोलीची तब्येत पिठाला विचारा.

अकराला ट्रे आत गेले. साडेअकराला मी डोकावले तर पीठ दोन बोटं वर आलं होतं. जिवात जीव आला.

"डोकं जड झालंय गं," बारक्या आतून म्हणाला. उलट्या क्रेटवर बसला होता, चेहरा लालबुंद.

"कामाच्या वेळी तुझं डोकं कधी हलकं असतं?" मी म्हटलं. "पाणी पी. अर्धाच तास राहिलाय."

तो काहीतरी बोलला. भट्टीच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलंही नाही.

बाराला पीठ दोऱ्याच्या खाली बोटभर होतं. मी काचेवर टकटक केलं. त्यानं हात वर केला, पण मान वर केली नाही. मला वाटलं, पेंगतोय. उबेत कुणालाही झोप येते. मी शिव्या घालत भट्टीकडे गेले.

साडेबाराला पीठ दोऱ्याच्या वर! काय सुरेख आलं होतं, घुमटासारखं गोल, कडेला बुडबुडे. बारक्या काचेतून दिसला नाही. निखारे सारायला वाकला असेल, असं मनाशी म्हटलं आणि मी आनंदाने यांना हाक मारली, "अहो, पीठ आलं! भट्टी तयार ठेवा!"

मग भट्टी तापेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं आम्ही थांबलो.

दार उघडलं तेव्हा उबदार, आंबूस वास अंगावर आला. ट्रेमधले बन एकमेकांना चिकटून काठोकाठ फुगलेले. आधी तेच बघितलं मी, खोटं कशाला सांगू? त्यानंतर खाली बघितलं. बारक्या क्रेटच्या शेजारी आडवा पडला होता, गाल फरशीला टेकलेला, आणि गाल गुलाबी, झोपलेल्या बाळासारखा.

यांनी आणि मी त्याला ओढत अंगणात आणलं. मी त्याला थपडा मारल्या, ओरडले, नाव घेतलं, पाया पडले. गाडी आली, दवाखान्यात नेलं. सासूबाई घरून धावत आल्या, पायात दोन वेगळ्या चपला.

डॉक्टरांनी आधी खोलीबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही.

"पण पीठ तर फुगत होतं!" मी म्हणाले. "तिथे काही वाईट असतं तर पीठ आलं असतं का?"

"यीस्टला श्वासासाठी हवा लागत नाही, बाई," ते शांतपणे म्हणाले. "बंद खोलीतही ते पीठ फुगवतच राहतं. माणसाला हवा लागते."

तासाभराने ते पुन्हा बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. सासूबाई भिंतीला धरून खाली बसल्या. हे तोंडावर हात दाबून उभे होते.

"थोडं आधी आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले. "अर्धा तास आधी. कुणी नुसतं दार उघडलं असतं, तरी वाचले असते."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावून नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तू तर सारखी जात होतीस ना गं तिकडे? मग दार का नाही उघडलंस?"

मला खोटं बोलता आलं असतं.

"ऊब जाईल म्हणून," मी म्हणाले.