खाते ना, मग बरी आहे

वसईजवळच्या होळी गावात सत्यवतीच्या घरी तब्येतीचं माप एकच, ते म्हणजे ताट. ताप असो, खोकला असो, सासऱ्यांचं म्हातारपण असो, माणूस जेवला तर बरा आणि नाही जेवला तर चला दवाखान्यात. नवरा बळीराम अर्धांगवायूनं खाटेला खिळला, उजवं अंग गेलं, वाचाही गेली, तेव्हा नातलगांचे फोनावर फोन यायचे. सत्यवती सगळ्यांना एकच सांगायची, "जेवतात ना. दिलेलं सगळं संपवतात. मग काय काळजी?" पलीकडचं माणूसही हायसं वाटून म्हणायचं, मग बरे आहेत म्हणायचे. आता यात चूक काय होती, सांगा! आपण सगळे असंच विचारतो.

तर त्या घरात एक मांजर होती. पांढरीशुभ्र, लांब मानेची, म्हणून तिचं नाव बगळी. ती बळीरामची. वाडीत केळीला पाणी सोडायला तो निघाला की ही पाटाच्या कडेनं त्याच्या मागे. तो पडला तशी ती खाटेवर त्याच्या मानेजवळ जाऊन बसली. त्याच्या दाढीच्या खुंटांवर गाल घासायची, आणि तो डावा हात उचलून तिचा गाल खाजवायचा. दिवसभरात त्याच्या तोंडावर हसू यायचं ते तेवढ्यापुरतं. सत्यवती म्हणायचीसुद्धा, "बघा, बायकोला नाही, बगळीला हसतात!" म्हणायची, पण मनातून तिला बरं वाटायचं.

आणि एकाएकी बगळी बिघडली. बळीरामनं गालाला हात लावला की फिस्कारून पंजा मारायची. मग खाटेवर यायचीच बंद झाली. दाराशी बसून लांबून बघायची. एकदा त्यानं हात लांब करून तिला ओढलं, तर तिनं त्याच्या हनुवटीवर ओरखडा काढला, रक्त आलं. बळीराम रडला नाही. भिंतीकडे तोंड करून पडला. त्याला काय वाटलं असेल ते सत्यवतीला त्याच्या पाठीवरूनच कळलं. हातपाय गेले, बोलणं गेलं, आता ही पण गेली.

"आई, हिला कुणाला तरी देऊन टाकू," सून तेजस्वी म्हणाली. "बाबांना उद्या चावलीबिवली तर?"

"मेली नमकहराम," सत्यवती म्हणाली. "त्यांच्या हातचं खाऊन मोठी झाली, आनि आता माणूस लुळा झाला तर तोंड फिरवते!"

रागाच्या भरात तिनं बगळीला पिशवीत कोंबलं आणि वसईतल्या डॉक्टर फेलिशियांच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं देऊन घ्यायची, आणि त्यांच्या ओळखीत कुणी घेणारं असेल तर मांजर तिथंच सोडून यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

फेलिशिया तिच्या मुलीच्या वयाच्या, पण बोलायला मोकळ्या. "काकू, आधी ती अशी का वागते ते बघू या. खाते कशी?"

"राक्षसासारखी! मांदेली टाका, बोंबील टाका, शिल्लक ठेवत नाही. तिला काय धाड भरलीय?"

"खाताना मान एका बाजूला करते? घास खाली पडतो?"

"पडतो. पन परत उचलते. आनि मांदेलीचा तुकडा डोकं झटकून तसाच गिळते. मला वाटलं, हावरी झालीय."

फेलिशियांनी बगळीला टॉवेलात गुंडाळलं, ओठ अलगद वर केला. सत्यवतीला आत पांढरे दात दिसले. ती म्हणालीच, "दात तर मोत्यासारखे आहेत!" फेलिशियांनी बोट खालच्या दाढेच्या मुळाशी नेलं. तिथं हिरडीची एक लाल गाठ दातावर चढली होती, भाताच्या दाण्याएवढी. बाकी काही नव्हतं. त्यांनी कापसाची काडी त्या जागी नुसती टेकवली. बगळीचा जबडा कडकड कडकड वाजायला लागला, थंडी वाजल्यासारखा, आणि तिच्या तोंडून एक असा आवाज आला की सत्यवतीनं कान झाकले.

"हे कशानं झालं? मी काटे खायला घातले म्हनून?"

"नाही हो. तुमचं काही चुकलेलं नाही. शरीराच्याच पेशी दात खातात. का खातात, ते अजून कुणाला नीट माहीत नाही. बऱ्याच मांजरांना वय झालं की होतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, इथं तर आपलंच अंग आपलेच दात खात होतं! सत्यवतीला ते ऐकवेना.

"सुरुवात बहुधा इथं, हिरडीच्या काठाशी होते," फेलिशिया सांगत होत्या. "वरून दात चांगला दिसतो. दाताच्या मानेला खड्डा पडतो, आणि शेजारची हिरडी त्या खड्ड्यात वाढून त्याला झाकून टाकते. कुणी बघितलं तरी वाटतं, हिरडी जराशी लाल आहे. आत मात्र दाताची नस उघडी पडलेली असते. तिच्यावर कुणाचा हात लागला, कुणाची दाढी घासली, की कळ डोक्यात जाते."

"पन खाते ना ती!"

"खाणारच. भूक वेगळी आणि दुखणं वेगळं, काकू. दुखतंय म्हणून खाणं सोडलं तर मांजर मरेल, हे तिच्या रक्तात आहे. दुखणं दाखवलं तर दुसरं जनावर तिला मारेल, हेही. म्हणून ती लपवते. ठणकणारी बाजू टाळून दुसऱ्या बाजूनं चावते, जमेल ते न चावता गिळते, पडलं तर परत उचलते. खायची थांबेपर्यंत वाट बघत बसलो तर फार उशीर होतो."

सत्यवती खुर्चीत बसली. कुणी घेणारं असेल का, हे तिनं विचारलंच नाही.

ठरल्या दिवशी भूल देऊन दातांचे एक्स-रे काढले. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं, तर बगळी सकाळी ताटलीभोवती घिरट्या घालून ओरडत होती. इतकं तोंड ठणकत असताना ही खायला मागते! सत्यवतीनं ताटली उचलून माळ्यावर ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला.

दुपारनंतर फेलिशियांनी तिला आत बोलावलं. एक्स-रेत जेवढे बाहेरून दिसत होते त्याहून जास्त दात खाल्लेले निघाले होते. काही मुळासकट काढले. एकाचं मूळ हाडातच विरघळून गेलं होतं, त्याचा फक्त वरचा भाग काढून हिरडी शिवली. काढलेली एक दाढ त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. वरून चकचकीत, आणि मानेशी केवढा तो खड्डा, उंदरानं कुरतडल्यासारखा.

"ती बळीरामकाकांवर रागावली नव्हती," फेलिशिया म्हणाल्या. "ज्या हातानं दुखत होतं, त्या हाताला ती लांब ठेवत होती. वेडावाकडा स्पर्श झाला की फटका मारण्यापलीकडे बिचारी सांगणार तरी कसं?"

रिक्षात बगळी मांडीवर गुंगीत पडली होती. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते खोटं नाही, सत्यवतीच्या मनात येत होतं, महिनोन्महिने हिचं जळत होतं आणि मी हिला नमकहराम म्हणत होते. घरी जाऊन त्यांना सांगायचं, अवो, ती तुम्हाला सोडून गेली नव्हती. एवढं सांगितलं की ते परत हसतील. ती रस्ताभर त्या हसण्याची वाट बघत आली.

घरी आली तेव्हा बळीरामच्या जेवणाची वेळ टळून गेली होती. मुलगा भूपेश कामावरून आला होता, तेजस्वीनं पेज वाढून ठेवली होती. सत्यवतीनं बगळीची टोपली खाटेखाली ठेवली. "आधी जेवा, मग तुम्हाला एक गोष्ट सांगते," ती म्हणाली आणि रोजच्यासारखी त्याला बसवायला गेली. भूपेशनं पाठीला हात दिला. तिनं त्याचा उजवा दंड धरला आणि ओढला.

बळीरामनं डाव्या हातानं तिच्या मनगटावर फटका मारला.

हेही रोजचंच होतं. दुखणं आल्यापासून ते रागीट झालेत, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. भूपेश म्हणालाच, "बाबा, काय हे? आई दमून आलीय."

पण सत्यवतीचा हात जागच्या जागी थांबला. तिनं दंड सोडला. भूपेशला म्हणाली, "थांब जरा, हलवू नको त्यांना." मग वाकून तिनं एक बोट, नुसतं एक बोट, बळीरामच्या उजव्या खांद्याला टेकवलं. खांदा सैल लोंबत होता, सांध्यापाशी खळगा पडला होता. सदऱ्याच्या आत तो तिनं रोज बघितला होता आणि कधी बघितला नव्हता.

बळीरामचा जबडा थरथरला. डोळे घट्ट मिटले.

"इथं दुखतं?" तिनं विचारलं. "अवो, इथं दुखतं तुम्हाला?"

त्यानं डोळे उघडले आणि मान हलवली. हो. परत हलवली. हो, हो. मग हलवतच राहिला, थांबेना, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहायला लागलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. भूक लागली का, हे विचारलं होतं. पोट साफ झालं का, हे विचारलं होतं.

"मी रोज तिथंच धरून ओढत होते," सत्यवती म्हणाली. "सकाळी ओढलं, दुपारी ओढलं, रात्री ओढलं. जेवायला बसवायला ओढलं रे भूपेश! आनि तुम्ही जेवत होता! कशाला जेवत होता मेलं, एकदा तरी ताट ढकलून द्यायचं!"

ती खाटेच्या कडेला बसून ओक्साबोक्शी रडली. भूपेश बापाच्या खांद्याकडे बघत मोबाइल काढून डॉक्टरांना फोन लावायला लागला, त्याला नंबर सापडेना. तेजस्वी दारात उभी होती, तिच्या हातात पेजेची वाटी. काय झालं ते तिला कळलं नव्हतं. सासूच्या हातात काही दिलं की ती सावरेल असं तिला वाटलं असावं, म्हणून तिनं वाटी आणि चमचा सत्यवतीच्या हातात दिला.

सवयीनं सत्यवतीनं चमचा भरला.

तिच्या हातातला चमचा बघून बळीरामनं रडता रडता तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी ओठांवर येत होतं, खांदा तसाच लोंबत होता, आणि तो आपला तोंड उघडून वाट बघत होता, ती काळजीत पडू नये म्हणून.

सत्यवतीला तो घास त्याच्या तोंडाशी नेववेना.