बुडीत धरलेले तीस लाख

हिशोब लिहिताना माझा हात कायम आखडता. नफा पदरात पडल्याशिवाय मी लिहीत नाही, तोटा मात्र नुसती चाहूल लागली तरी लिहिते. वाळूजच्या आमच्या वर्कशॉपचे दोघं भागीदार, राजेंद्रभाऊ आणि हारिसभाई, यावरून माझी लई टिंगल करायचे. मार्चअखेरीला राजेंद्रभाऊ म्हणाले, आपला माल घेणारी पुण्याची कंपनी बंद पडली, तिच्याकडचे तीस लाख विसरा, पत्र येतंच आहे. मी लगेच सगळी रक्कम बुडीत धरून ताळेबंदात तेवढ्या तोट्याची तरतूद केली.

हारिसभाई भागीदारीतून बाहेर पडत होते. त्यांचा निम्मा हिस्सा या मार्चच्या ताळेबंदावरून ठरणार होता, म्हणजे तरतुदीनं त्यांचे पंधरा लाख गेले. त्या पैशावर छावणी भागात दुकान घ्यायचं होतं, बयाणाही देऊन झाला होता. तरी माणूस कुरकुरला नाय. अपेक्षाताईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच, एवढंच म्हणाले.

ताळेबंदावर सह्या व्हायच्या त्या सकाळी पुण्याहून एक डेबिट नोट आली. फेब्रुवारीच्या मालातले काही पार्ट नापास झाले, अकराशे रुपये वजा करा. राजेंद्रभाऊंनी ती बाजूला सारली. एवढ्या उलाढालीत अकराशेनं काय बिघडतंय, म्हणाले. ते खरंच होतं, तेवढ्यासाठी ताळेबंद कुणी अडवत नाही. पण नोटेवर तारीख मे महिन्याची. बंद पडलेली कंपनी माल कशाला तपासत बसेल?

पुण्याच्या अकाउंटंटला फोन लावला. तो बिचारा सहज बोलून गेला.

"कंपनी चालूच आहे की मॅडम. पैसे एप्रिलमध्येच सोडत होतो. तुमचे राजेंद्र साहेबच म्हणाले, जूनपर्यंत थांबा."

अगं बाई! असा संताप आला की काय सांगू. सह्या झाल्यावर आलेले तीस लाख एकट्या भाऊंचेच राहिले असते; माझ्याच सावधपणाच्या आडून या माणसानं भागीदाराचा गळा कापला होता. अकाउंटंटकडून तेच मी लेखी मेलवर मागवून घेतलं.

दुपारी हारिसभाई आले, पेन काढून बसले. मी मेलचा कागद त्यांच्यापुढं ठेवला. सही करू नका, मी म्हणाले, ती तरतूद मी काढून टाकतेय, पैसे बुडालेले नाहीत.

राजेंद्रभाऊ हसायला गेले. पैसे हातात आल्याशिवाय धरायचे नाहीत, हे ताईंनीच शिकवलं ना, म्हणाले.

"भाऊ, शंका असेल तर सावध राहायचं. तुम्हाला शंका नव्हतीच."

राजेंद्रभाऊंचं तोंड उतरलं. हारिसभाईंनी कागद दोनदा वाचला. भाऊंकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडं वळले.

"ताई, मागच्या सगळ्या वर्षांचे ताळेबंद पण तुम्ही भाऊंच्या तोंडच्या शब्दावरच लिहिलेत का?"

मी उठून कपाटातल्या मागच्या वर्षांच्या वह्या काढायला लागले.