दळवींचे लेख, मोहित्यांची सून

लग्नात मुलीचं आडनाव बदलावं एवढ्यावर आपल्या लोकांची हौस कधी भागलेली नाही. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव रेखायचं, आणि ज्या हाकेला पोरगी जन्मापासून ओ देत आली ती हाक पेढ्यांबरोबर वाटून टाकायची. पुण्याची सुचेता दळवी अशीच बंगळूरला, जयनगरातल्या मोहित्यांच्या घरी येऊन मैत्रेयी मोहिते झाली. तिला त्याचं दुःख नव्हतं. नाव सासूबाईंनी, सकवारबाईंनी, हौसेनं निवडलं होतं, आणि त्या ते इतक्या लाडानं उच्चारत की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा.

ती नाचणीवरच्या करपा रोगाचा अभ्यास करणारी. केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत नोकरी. सरकारी खात्यात आडनाव बदलायला लग्नाचा दाखला पुरतो, पण इथं पहिलं नावही बदललेलं. मग प्रतिज्ञापत्र झालं, वर्तमानपत्रांत जाहिराती झाल्या, राजपत्रात नोंद झाली. पगार, पासपोर्ट, बँक, सगळीकडे मैत्रेयी मोहिते. काम चोख झालं असं सगळ्यांनाच वाटलं.

अठ्ठ्याण्णव साली संस्थेनं इंटरनेटवर स्वतःची पानं काढली. प्रत्येक शास्त्रज्ञानं आपली माहिती नि लेखांची यादी फ्लॉपीवर द्यायची होती. सुचेता तेव्हा शेतावरच्या प्रयोगात गुंतलेली, म्हणून नवरा म्हणाला, मी करून देतो. श्रीरंग सॉफ्टवेअरमधला, त्याला या कामाचं काय अवघड! त्यानं संगणकाला हुकूम सोडला की जिथं जिथं जुनं नाव असेल तिथं तिथं नवं घाल. एका दमात सगळं पान मोहित्यांचं झालं. दळवी नावानं छापलेल्या लेखांवरही आता मैत्रेयी मोहिते. तिनं वरचा फोटो पाहिला, फोन नंबर तपासला आणि फ्लॉपी देऊन टाकली. करायला गेलो एक नि झालं भलतंच, असं म्हणतात ते अशाच गुणी नवऱ्यांना पाहून म्हटलं असावं.

वरिष्ठ शास्त्रज्ञाची जागा निघाली तेव्हा अर्जाला तिनं तीच यादी छापून जोडली. या जागेसाठी ती कधीपासून डोळे लावून बसली होती. करप्याचा स्वतंत्र प्रकल्प त्या जागेबरोबरच मिळणार होता.

मुलाखतीला आठवडा असताना विभागप्रमुख अंजली राव यांनी तिला बोलावलं आणि दार लावून घेतलं. निवड समितीतले बाहेरचे तज्ज्ञ, नागपूरचे डॉक्टर वासुदेव काणे, यांचं पत्र आलं होतं. अर्जदार बाईंचे लेख त्यांनी शोधले. मोहिते नावाखाली संशोधन-लेखांच्या सूचीत माशांवर काम करणारं कुणी भलतंच माणूस निघालं. मग त्यांनी यादीतले खंड नि पानांचे आकडे धरून मूळ अंक उघडले. लेख होते, पण प्रत्येकावर नाव होतं सुचेता दळवी. दुसऱ्या बाईचं काम आपलं म्हणून दाखवणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीलाच का बोलावता, असा त्यांचा सवाल होता. सुचेताचे कान तापले. चोर म्हणवून घेण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, आणि तीही स्वतःच्याच घरात चोरी केल्याबद्दल.

अंजलीबाई तिला लग्नाआधीपासून ओळखत होत्या. त्यांनी समितीला कळवून तिची मुलाखत कायम ठेवली, पण मुलाखतीला पुरावा आण म्हणाल्या, आणि ते पान आजच दुरुस्त कर.

घरी श्रीरंगनं ऐकलं आणि तो पांढराफटक पडला. "मला वाटलं, तुझं नाव सगळीकडे एकसारखं दिसेल," तो म्हणाला. ती रागावली नाही असं नाही, चांगली रागावली. मग दोघं संगणकापुढे बसली. वरती आजचं नाव ठेवलं. त्याखाली स्पष्ट लिहिलं: पूर्वीचं नाव सुचेता दळवी, लग्नापूर्वीचे सर्व लेख आणि प्रबंध याच नावानं प्रसिद्ध. यादीतला प्रत्येक लेख मूळ अंक हातात घेऊन जसा छापला होता तसा परत लिहिला. छापील नावाला आता कुणीच हात लावू शकत नव्हतं, आणि लावूही नये हे श्रीरंगला त्या संध्याकाळी पुरतं पटलं. पुराव्यासाठी राजपत्राची प्रत निघाली, कारण तिथं दोन्ही नावं शेजारी होती. सोबत लग्नाचा दाखला, दळवी नावाची पदवी, आणि ही तीच मुलगी असं सांगणारं पुण्याच्या मार्गदर्शकांचं पत्र फॅक्सनं आलं.

एक प्रश्न मात्र राहिला. पुढचा लेख कोणत्या नावानं? करप्यावरचा नवा लेख लिहून तयार होता. मोहिते म्हणून छापला तर मागच्या लेखांशी त्याचा धागा तुटणार, आणि दर वेळी हीच उस्तवार.

हे सगळं सकवारबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "माझं नाव बरं नाही का ग ते?" त्यांनी आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत विचारलं. "स्वल्प, थोडं तरी सांगायचंस. मी दिलेलं नाव घरापुरतंच राहणार का आता?" नाव चांगलंच आहे आई, एवढं सुचेता बोलली आणि तिला रडू आलं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडावं की आपलं अर्धं आयुष्य, असा सौदा कुणीच कुणापुढे ठेवू नये.

मुलाखतीच्या खोलीत डॉक्टर काणे टोकाला बसले होते, कपाळाला आठ्या. त्यांनी राजपत्राची ओळ बोट ठेवून वाचली, पदवीचा कागद शेजारी धरला, पत्रावरची सही न्याहाळली. मग चष्मा काढला आणि इंग्रजी सोडून मराठीत आले.

"बाई, मी तुमचे लेख दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देतो. दोन-तीन वर्षं झाली, सुचेता दळवी हे नाव कुठं दिसेनासं झालं. मला वाटलं, पोरीनं संशोधन सोडलं. आणि मग हा अर्ज आला. मला वाटलं, तिचं काम कुणी पळवलं. मी भांडत होतो ते तिच्या बाजूनं."

ज्या माणसाला सुचेता आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घालत होती, तो एकटाच तिला शोधत बसला होता.

"आता तुमचा पुढचा लेख आला, तर मी कोणत्या नावाखाली शोधू?" त्यांनी विचारलं.

"सुचेता दळवी," ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखीचा वाटला.

मग त्यांनी करप्याबद्दल प्रश्न विचारले, आणि चांगलेच कडक विचारले.

नेमणुकीचं पत्र आलं ते मैत्रेयी मोहिते या नावानं, कारण सरकारी नोंद तीच होती. सुचेतानं ते सासूबाईंच्या हातात दिलं आणि मुलाखतीत आपण कोणतं नाव सांगितलं तेही सांगून टाकलं. सकवारबाईंनी पत्र दोनदा वाचलं. आत जाऊन ते देवापुढे ठेवून आल्या.

दुपारी त्यांनी जे. पी. नगरच्या बहिणीला फोन लावला. सुचेता शेजारच्या खोलीत होती, तिला ऐकू आलं.

"होय अक्का, आमची मैत्रेयी, मोठी शास्त्रज्ञ झाली. सरी, बरं का, तुझ्या नातवाला सांग, तिचे लेख वाचायचे असतील तर मैत्रेयी म्हणून शोधू नको म्हणावं, सापडणार नाहीत. दळवी. सुचेता दळवी. लिहून घे की."